डावीकडे दीड इंच

पीएच.डी.च्या प्रबंधाची जाड पुठ्ठ्यात बांधलेली प्रत टेबलावर ठेवून मधोमध उघडली, की ती पूर्ण सपाट होत नाही. पानं पाठीकडे वळतात आणि डाव्या बाजूचा थोडा भाग खाचेत जातो. बाइंडरने सुटी पानं एकावर एक रचून, डाव्या कडेजवळ भोकं पाडून, दोऱ्याने शिवलेली असतात. या शिवणीत आणि पाठीच्या वळणात साधारण अर्धा इंच कागद जातो. विद्यापीठाने डावीकडे दीड इंच समास मागितला असेल, तर त्यातला अर्धा इंच शिवणीचा आणि उरलेला एक इंच डोळ्यांना दिसणारा. वर, खाली आणि उजवीकडे एकेक इंच असतोच. म्हणजे बांधून झालेल्या पानावर मजकुराभोवती चारही बाजूंनी सारखी कोरी जागा राहते. नियम लहरीने केलेला नाही.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या नियमावल्यांमध्ये डावीकडे दीड इंच आणि बाकी तीन बाजूंना एक इंच ही जोडी वारंवार भेटते. आकडे विद्यापीठागणिक, कधी विद्याशाखेगणिकही बदलतात, त्यामुळे मित्राच्या प्रबंधावरून माप घेण्यापेक्षा आपल्या विभागाचं चालू परिपत्रक हाती असलेलं बरं. या नियमांचा मजकूर दीड-दोन पानांत आटोपतो: कागद, समास, अक्षराचा आकार, ओळींमधलं अंतर, पृष्ठक्रमांक, आरंभीच्या पानांचा क्रम. वाचायला पाच मिनिटं लागतात. पण चार-पाच वर्षं तुकड्यातुकड्याने लिहिलेली फाइल त्यात बसवायला संशोधकाचे आठवडे जातात आणि बरेचदा प्रबंध परीक्षा विभागाच्या खिडकीवरून परत येतो.

हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही. शिकागो विद्यापीठात केट टुराबियन या बाई 1930 पासून 1958 पर्यंत प्रबंध-सचिव होत्या. पदवीसाठी आलेला प्रबंध त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. विद्यार्थ्यांना तेच ते पुन्हा सांगावं लागतं म्हणून 1937 मध्ये त्यांनी एक छोटी मार्गदर्शक पुस्तिका तयार केली. तिच्या वाढवलेल्या आवृत्त्या आजही जगभर वापरात आहेत. 1986 मध्ये तर प्रबंधाच्या मांडणीसाठी आयएसओ 7144 हे आंतरराष्ट्रीय मानकही आलं. नियमांची कमतरता कधीच नव्हती. अडचण आहे ती वर्डच्या फाइलमध्ये हे नियम नेमके कुठे राहतात हे माहीत नसण्याची.

एक उदाहरण घेऊ. समजा, मराठी साहित्यावरचा एक प्रबंध आहे. मुख्य मजकूर 280 पानांचा. कागद ए-फोर, चारही बाजूंना एक इंच समास, ओळींमधलं अंतर 1.15. संशोधिकेने लिहायला सुरुवात केली तेव्हा वर्डमध्ये जे होतं तेच तिने ठेवलं. आता विद्यापीठ म्हणतं, डावीकडे दीड इंच आणि अंतर दीडपट.

ए-फोर कागद 21 सेंटिमीटर रुंद. दोन्हीकडचे एकेक इंच वजा केले तर ओळीला 15.92 सेंटिमीटर मिळत होते, आता 14.65 मिळतील. ओळ आठ टक्क्यांनी आखूड झाली, म्हणून ओळींची संख्या जवळपास नऊ टक्क्यांनी वाढेल. त्यातच प्रत्येक ओळ 1.15 ऐवजी 1.5 इतकी उंची घेणार, म्हणजे आणखी तीस टक्के वाढ. दोन्ही गुणून 280 पानांची साधारण 397 होतात. चित्रं आणि कोष्टकं ओळींच्या अंतराने फुगत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी कमी भरतील. तरी चारशेच्या आसपासचा आकडा मनात धरूनच कागद, छपाई आणि बांधणीचा हिशेब मांडावा. एकाच बाजूला छापलं तर नेहमीच्या कागदाची चारशे पानं सुमारे चार सेंटिमीटर जाड होतात. अशी प्रत आणखीच कमी उघडते आणि डावीकडचा दीड इंच तेव्हा खरोखर कामी येतो.

हा हिशेब आधी करायचा, कारण पानं वाढली की बाकी सगळंच हलतं. अनुक्रमणिकेतला प्रत्येक आकडा बदलतो. ‘पृष्ठ 143 वरील कोष्टक पाहा’ असं हाताने लिहिलेलं प्रत्येक वाक्य खोटं ठरतं. जुन्या रुंदीत मावणारी कोष्टकं उजव्या समासात अर्धा इंच बाहेर येतात. पडद्यावर ते फारसं जाणवत नाही. पण बांधणीनंतर बाइंडर उरलेल्या तीन कडा कापून सरळ करतो, तेव्हा शेवटच्या रकान्यातले आकडे कडेला अगदी चिकटतात. अशा कोष्टकात क्लिक करून Layout मधल्या AutoFit Window वर गेलं, की ते नव्या रुंदीत बसतं. मग रकाने अरुंद होऊन शब्द मोडतात का, एवढं पाहायचं.

म्हणून दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. आधी कागदाचा आकार आणि समास, मग अक्षरं आणि ओळींचं अंतर, मग विभाग आणि पृष्ठक्रमांक, आणि अनुक्रमणिका सगळ्यांत शेवटी. बहुतेकजण नेमकं उलट करतात. अनुक्रमणिका आधी नीट लावतात आणि मग समास बदलतात.

समासाचं काम सोपं वाटतं, पण त्यात दोन खड्डे आहेत. पहिला Gutter या रकान्याचा. बांधणीसाठीची जादा जागा तिथे देता येते. कुणी डावा समास दीड इंच ठेवून वर Gutter मध्येही अर्धा इंच घालतं. वर्ड दोन्हींची बेरीज करतं आणि मजकूर दोन इंच आत जातो. दोन्हींपैकी एकच वापरावं. दुसरा खड्डा पाठपोट छपाईचा. कागद वाचवण्यासाठी काही विद्यापीठं आता पाठपोट प्रत स्वीकारतात. तसं असेल तर पानाच्या मागच्या बाजूला शिवण उजवीकडे येते. डावा समास सरसकट दीड इंच ठेवला, तर प्रत्येक सम पानावर शिवणीच्या बाजूला एकच इंच उरतो आणि ओळींचे शेवट खाचेत शिरतात. त्यासाठी Mirror margins निवडायचं. मग डावा-उजवा हा भेद जाऊन आतला आणि बाहेरचा समास येतो. आतला दीड, बाहेरचा एक.

ओळींच्या अंतराचा नियम टाइपरायटरच्या काळापासून चालत आला. टाइपरायटरच्या दांड्यावर सरकणारी कळ असे. तिच्यावर एक, दीड, दोन अशा खुणा असत आणि रूळ त्या मानाने पुढे फिरे. परीक्षकाला दोन ओळींमध्ये पेन्सिलीने लिहिता यावं, हा मोकळ्या अंतराचा उपयोग. तो उपयोग आजही आहे. मात्र ‘दीडपट’ कशाच्या, हा प्रश्न संगणकावर उभा राहतो, आणि देवनागरीत तर जास्तच.

वर्डमधलं एकपट अंतर म्हणजे फाँट बनवणाऱ्याने त्या फाँटमध्ये नोंदवून ठेवलेली ओळीची उंची. रोमन अक्षरांच्या फाँटमध्ये ती आटोपशीर असते. देवनागरीत वर रफार, मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. त्या सगळ्यांना जागा द्यावी लागते. मंगल या फाँटची ओळ मुळातच उंच आहे, त्यामुळे त्याला दीडपट अंतर दिलं की रोमन अक्षरांच्या दुपटीपेक्षाही मोकळं दिसतं. कोकिळामध्ये तोच दीडपटीचा आकडा घट्ट दिसतो. दोन संशोधकांनी एकच नियम पाळूनही एकाच्या पानावर 22 ओळी आणि दुसऱ्याच्या पानावर 28 दिसल्या, तर त्याचं कारण बहुधा इथे असतं. नियमावलीत फाँटचं नाव दिलेलं असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर युनिकोडचा एकच फाँट पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ठेवायचा आणि नियमात दिलेला पट तसाच लावायचा.

मंगलच्या ओळी फार मोकळ्या वाटतात म्हणून काहीजण Line spacing मध्ये Exactly निवडतात आणि 18 किंवा 20 पॉइंट असा पक्का आकडा देतात. इथे मराठी मजकूर जखमी होतो. वर्ड त्या उंचीच्या वरचा भाग सरळ कापतं. ‘सर्वार्थी’मधले रफार अर्धे दिसतात, ‘कीर्ती’ची वेलांटी वरून सपाट होते, ‘सौंदर्य’चा अनुस्वार नाहीसा होतो. पडद्यावर लहान आकारात पाहताना हे सहज निसटतं आणि छापल्यावर दिसतं. सुरक्षित मार्ग Multiple किंवा 1.5 lines हाच. तपासायचं झालं, तर रफार आणि अनुस्वार एकत्र येतो असा एखादा शब्द मोठा करून पाहावा. उदाहरणार्थ, ‘सर्वांचे’. रफाराचा आकडा आणि त्यावरचा ठिपका दोन्ही अखंड दिसले पाहिजेत.

आणखी एक गोष्ट देवनागरीत लिहिणाऱ्यांना हैराण करते. वर्ड देवनागरीला Complex scripts या वर्गात धरतं आणि तिचा फाँट आणि आकार रोमन अक्षरांपासून वेगळा साठवतं. शैली बदलायच्या चौकटीत आकार 14 केला, तरी तो फक्त रोमन अक्षरांना लागू झालेला असू शकतो. मराठी मजकूर 11 वरच राहतो आणि मधले इंग्रजी शब्द तेवढे मोठे होतात. Normal या शैलीवर उजवी कळ दाबून Modify, मग Format, मग Font इथे गेलं, की Complex scripts साठी वेगळे रकाने दिसतात. देवनागरीचा फाँट आणि आकार तिथे द्यायचा.

शैलीतच हे बदल करायचे, Ctrl+A दाबून सरसकट नव्हे. सगळा मजकूर निवडून दीडपट अंतर दिलं, तर मोठी अवतरणं, कोष्टकं आणि संदर्भसूचीसुद्धा फुगतात. यांपैकी बऱ्याच गोष्टी एकेरी अंतरात ठेवायची मुभा बहुतेक नियमावल्या देतात. तळटीपांचं उलट होतं. Ctrl+A ने तळटीपा निवडल्याच जात नाहीत, म्हणून त्या जुन्याच फाँटमध्ये राहतात. ज्यांचा प्रबंध श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये टाइप झाला आहे, त्यांच्यासाठी तर सरसकट फाँट बदलणं धोक्याचं. तिथे मराठी अक्षरं रोमन चिन्हांच्या जागी बसवलेली असतात. फाँट बदलला की पानभर रोमन अक्षरांचा चुरा दिसतो. आधी परिवर्तक वापरून युनिकोड करून घ्यायचं आणि मग ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांसारखे शब्द आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घालायची. परिवर्तनात चुका तिथेच जास्त होतात.

अनेकांना सगळ्यांत जास्त छळतात ते पृष्ठक्रमांक. मागणी साधी असते: मुखपृष्ठावर आकडा नको, प्रमाणपत्रापासून अनुक्रमणिकेपर्यंत छोटे रोमन आकडे, आणि पहिल्या प्रकरणापासून नव्याने 1.

ही दुहेरी मोजणी छापखान्याच्या रीतीतून आली आहे. पुस्तकाचा मुख्य मजकूर आधी जुळवला जाई. प्रस्तावना, ऋणनिर्देश आणि अनुक्रमणिका शेवटी तयार होत, कारण मजकूर पक्का झाल्याशिवाय त्या लिहिताच येत नसत. आरंभीच्या पानांना वेगळे आकडे दिले, की प्रस्तावना चार पानांनी लांबली तरी मुख्य मजकुराचा एकही आकडा बदलत नसे. मराठी पुस्तकांत याच कामासाठी पाच, सहा, सात असे अक्षरी आकडे छापायची पद्धत आहे. प्रबंधातही हा फायदा जसाच्या तसा मिळतो. मार्गदर्शकांचं प्रमाणपत्र किंवा साहित्यचौर्य तपासणीचा अहवाल अगदी शेवटच्या दिवशी आला आणि दोन पानं वाढली, तरी पहिलं प्रकरण 1 वरच सुरू होतं.

वर्डला हे समजावं म्हणून फाइलचे विभाग पाडावे लागतात. नुसतं Page Break पुरत नाही, कारण त्याने फक्त पान बदलतं. Layout मधल्या Breaks मध्ये जाऊन Next Page हा Section Break द्यायचा: एक मुखपृष्ठानंतर, एक अनुक्रमणिका आणि याद्या संपल्यावर. आता तीन विभाग झाले. कर्सर कोणत्या विभागात आहे हे कळावं म्हणून सगळ्यांत खालच्या पट्टीवर उजवी कळ दाबून Section वर खूण करून ठेवावी. Ctrl+Shift+8 दाबलं, की लपलेली चिन्हं दिसतात आणि विभागाची सीमा ठिपक्यांच्या दुहेरी रेघेने उमटते. पान ढकलण्यासाठी पूर्वी कधी मारलेले वीस-वीस एंटरही तेव्हाच उघडे पडतात. ते काढून टाकावेत आणि प्रकरणाच्या शीर्षकाच्या शैलीत Page break before लावावं.

यानंतरचा टप्पा चुकतो म्हणून पुष्कळांची रात्र जाते. नव्या विभागाचा तळपट्टा आपोआप आधीच्या विभागाशी जोडलेला असतो. मुखपृष्ठावरचा आकडा खोडला, की तो सगळ्या प्रबंधातून नाहीसा होतो. परत घातला, की मुखपृष्ठावरही परत येतो. म्हणून कुठलाही आकडा खोडण्याआधी दुसऱ्या विभागाच्या तळपट्ट्यात जाऊन Link to Previous बंद करायचं, मग तिसऱ्या विभागातही तेच करायचं. त्यानंतरच पहिल्या विभागातला आकडा काढायचा. मग दुसऱ्या विभागात Format Page Numbers उघडून i, ii, iii निवडायचं. मुखपृष्ठ मोजणीत धरलं जातं पण त्यावर आकडा छापत नाहीत, असा नियम असेल तर Start at मध्ये ii द्यायचं. तिसऱ्या विभागात 1, 2, 3 निवडून Start at मध्ये 1.

देवनागरी आकडे हवे असतील, तर वर्डमध्ये संपादनाच्या भाषांत हिंदी किंवा मराठी जोडल्यावर याच यादीत १, २, ३ मिळतात. त्या यादीत अक्षरी आकडेही असतात, पण ते हिंदी आहेत: एक, दो, तीन. मराठी प्रबंधाच्या दुसऱ्या पानावर ‘दो’ छापून येऊ नये म्हणून हे लक्षात ठेवायला हवं.

विभागाची सगळी माहिती, म्हणजे समास, कागदाची दिशा आणि क्रमांकाची पद्धत, त्या विभागाच्या शेवटी असलेल्या सीमेत साठवलेली असते. ही एक गोष्ट कळली की बरीच गूढं उलगडतात. मधली सीमा चुकून खोडली, तर अलीकडचा मजकूर पलीकडच्या विभागाचं रूप घेतो. ऋणनिर्देशावर अचानक 1 हा आकडा का आला, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. अशा वेळी डागडुजी करत न बसता लगेच Ctrl+Z दाबावं.

आडव्या पानावरच्या रुंद कोष्टकासाठीही आधी आणि नंतर अशा दोन सीमा द्याव्या लागतात. तिथे दोन गोष्टी बिघडतात. पहिली, नव्या विभागाने आधीच्या विभागाचा ‘1 पासून सुरू करा’ हा आदेश उचलला, तर प्रबंधाच्या मधोमध पुन्हा 1 येतो. त्याला Continue from previous section हा उपाय. दुसरी, आडवं पान बांधताना त्याची वरची बाजू शिवणीकडे येते, म्हणून तिथे दीड इंच समास वर हवा, डावीकडे नको. वर्ड पान फिरवताना समासही फिरवतं, पण तो योग्य बाजूला गेला का, हे पाहून घ्यायला हवं.

आता आरंभीच्या पानांच्या क्रमाविषयी. नियमावल्यांत साधारण अशी रांग दिसते: मुखपृष्ठ, संशोधकाचं प्रतिज्ञापत्र, मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, कोष्टकांची आणि आकृत्यांची यादी, संक्षेपांची यादी. कुठे प्रमाणपत्र आधी, कुठे प्रतिज्ञापत्र आधी, कुठे सारांशही याच भागात येतो. क्रम वेगवेगळा असला तरी त्यामागचं सूत्र बहुधा एकच. आधी प्रबंधाची ओळख, मग त्याची कायदेशीर जबाबदारी कुणाची हे सांगणाऱ्या सह्या, मग संशोधकाचे वैयक्तिक शब्द, आणि शेवटी वाचकाच्या सोयीच्या याद्या. भावनेच्या भरात ऋणनिर्देश प्रमाणपत्रांच्या आधी ठेवलेला प्रबंध छाननीत अडकतो, तो याच कारणाने. तपासणारा कर्मचारी पहिल्या काही पानांत सह्या शोधत असतो.

मुखपृष्ठावरचा मजकूर स्वतःच्या शब्दांत लिहायचा नसतो. शीर्षक आरआरसीने मंजूर केलेल्या पत्रात जसं आहे तसंच हवं, अगदी स्वल्पविराम आणि कालखंडाच्या आकड्यांसकट. पत्रात ‘1960 ते 1990’ असेल आणि मुखपृष्ठावर ‘1960 नंतरच्या’ असं झालं, तर ते दुसरं शीर्षक ठरतं. शीर्षक बदलायचं असेल तर प्रबंध सादर करण्याआधी रीतसर मंजुरी घ्यावी लागते. हेच शीर्षक प्रतिज्ञापत्रात, प्रमाणपत्रात आणि सारांशातही येतं. त्यामुळे पत्र समोर ठेवून सगळीकडे अक्षर-अक्षर ताडून पाहणं हाच उपाय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या साहित्यचौर्यविषयक विनियमांनंतर तपासणीचं प्रमाणपत्रही या पानांत आलं आहे. त्या तपासणीत अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश आणि संदर्भसूची मोजल्या जात नाहीत, म्हणून तपासणीसाठी फाइल देताना ही पानं ओळखू येतील अशी वेगळी असलेली बरी.

हे सगळं झालं, की अनुक्रमणिका. प्रकरणांना Heading 1 आणि उपप्रकरणांना Heading 2 या शैली दिलेल्या असतील, तर References मधून ती आपोआप तयार होते. नंतर काहीही बदललं तर तिच्यावर उजवी कळ दाबून Update Field आणि मग Update entire table. हाताने ठिपके टाकून बनवलेली अनुक्रमणिका या टप्प्यावर टाकून देण्यात शहाणपण आहे. चारशे पानांत तिचा एक तरी आकडा चुकतोच. आपोआप बनलेली अनुक्रमणिका तपासणीलाही उपयोगी पडते. तिच्यातले आकडे वरून खाली फक्त वाढत गेले पाहिजेत. मध्ये एखादा आकडा एकदम कमी झाला, तर त्याच जागी एखाद्या विभागाने मोजणी नव्याने सुरू केली आहे. एखाद्या प्रकरणाचं नावच दिसत नसेल, तर त्या शीर्षकाला शैली दिलेली नाही, ते नुसतं ठळक केलेलं आहे. आणि Error! Bookmark not defined. असं वाक्य दिसलं, तर ती यादी अद्ययावत करायची राहून गेली आहे. हे इंग्रजी वाक्य तसंच छापलेले, सोनेरी अक्षरांत बांधलेले प्रबंध ग्रंथालयात सापडू शकतात.

छपाईसाठी डीटीपीच्या दुकानात वर्डची फाइल न्यायची नाही. तिथल्या संगणकावर तो फाँट नसला किंवा त्याची दुसरी आवृत्ती असली, तर ओळी नव्याने मोडतात आणि सगळे आकडे सरकतात. पीडीएफ करून न्यावी. दुकानदार ती छापताना Fit निवडतो का, इकडे मात्र लक्ष ठेवावं. तसं केलं की पान थोडं आक्रसून छापलं जातं आणि समास, अक्षराचा आकार सगळंच मापाबाहेर जातं. Actual size हवं. आधी पाचच पानं छापून घ्यावीत: मुखपृष्ठ, एक प्रमाणपत्र, प्रकरणाचं पहिलं पान, एक आडवं पान आणि संदर्भसूचीचं एक पान. त्यावर पट्टी ठेवून डावीकडचं अंतर मोजावं. ते 38 मिलिमीटर भरलं, की उरलेली पानं छापायला द्यायला हरकत नाही.

तोंडी परीक्षा झाल्यावर परीक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या करून अंतिम प्रत द्यावी लागते आणि फाइल पुन्हा उघडते. शैली आणि विभाग नीट बांधलेले असतील, तर मजकूर बदलून अनुक्रमणिका अद्ययावत केली की काम संपतं. पुढे हीच प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा या भांडारात जाते. 2009 च्या विनियमांपासून आयोगाने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत मागायला सुरुवात केली. शोधगंगेवर प्रबंध एकसंध ठेवत नाहीत. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, प्रत्येक प्रकरण यांची वेगळी पीडीएफ करून तिला 01_title.pdf अशा धर्तीवर क्रमाने नावं दिली जातात. कोणतं पान कोणत्या फाइलमध्ये जाणार, हे ग्रंथालयातला कर्मचारी आरंभीच्या पानांच्या क्रमावरून आणि अनुक्रमणिकेवरून ठरवतो. अनुक्रमणिकेत पाचवं प्रकरण 251 वर असेल आणि प्रत्यक्षात ते 254 वर असेल, तर चौथ्या प्रकरणाची शेवटची तीन पानं पाचव्याच्या फाइलमध्ये जातात आणि दूरच्या एखाद्या गावातून चौथं प्रकरण उतरवून घेणाऱ्या वाचकाला त्याचा निष्कर्ष मिळत नाही.